मेंबरशिप बंद, पण पैसे कटणं चालूच: जिमला पत्र कसं लिहायचं

ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत आणि शेवटच्या पत्राचा पूर्ण मजकूर दिलाय, कारण पत्र कानानं ऐकून कॉपी करता येत नाही.

गोष्ट 14 जून 2025 ची, शनिवार. मी दर्यापूरला घरी होतो. माझा मावसभाऊ आधी चाकणला कंपनीत कामाला होता. मार्चमध्ये मावशीच्या तब्येतीमुळे तो गावी परतला आणि आता शेती बघतो. त्या दिवशी तो कृषी केंद्रात तुरीचं अन् कपाशीचं बियाणं घ्यायला गेला. दुकानदारानं क्यूआर पुढे केला, यानं पिन टाकला, आणि पेमेंट फेल. खात्यात पैसे कमी. मागे चार माणसं उभी, पेरणीचे दिवस, आणि हा मोबाईलकडे बघत उभा.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "दादा, पाह्य बरं. माह्या खात्यातून हे पैसे काहून कटून रायले? मी तं मार्चमंधीच जिम सोडली."

स्टेटमेंट उघडलं. 5 एप्रिल, 5 मे, 5 जून. दर वेळी 1,499 रुपये. एकूण 4,497. समोर नाव होतं एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं, जे यानं कधी ऐकलंच नव्हतं. तो ज्या जिमला जायचा तिच्या बोर्डावर दुसरंच नाव होतं.

"कॅन्सल केल्याचं काही लेखी आहे का?" मी विचारलं.

"आहे ना. मेल आला होता त्याइचा. पन जाऊ दे दादा, पुन्याले कोन जाते आता भांडाले?"

आजचा एपिसोड या शेवटच्या वाक्यावर आहे. पुण्याला जावं लागत नाही, आणि भांडावंही लागत नाही. त्याच्याकडे जिमनं स्वतः पाठवलेला मेल होता. काम एवढंच होतं की तो मेल, तीन तारखा आणि एक रक्कम एका पानावर नीट मांडायची. पण त्याआधी हे पैसे कटतात तरी कसे, ते समजून घेऊ. ते समजलं नाही तर जिमच्या पहिल्याच उत्तराला आपण गप्प बसतो.

मेंबरशिप एक, मॅन्डेट दुसरा

जिममध्ये नाव नोंदवताना तुम्ही दोन गोष्टींना होकार देता. पहिली मेंबरशिप, म्हणजे तुमचा आणि जिमचा करार. दुसरी ऑटोपेचा मॅन्डेट, म्हणजे "दर महिन्याला माझ्या खात्यातून एवढे पैसे घ्यायला माझी परवानगी आहे" अशी तुमच्या बँकेकडची नोंद. पहिल्या वेळी पिन टाकून तुम्ही ती मंजूर करता. त्यानंतर रक्कम 15,000 रुपयांच्या आत असेल तर दर महिन्याला पिन विचारला जात नाही.

या दोन नोंदी दोन वेगळ्या ठिकाणी राहतात. मेंबरशिप असते जिमच्या सॉफ्टवेअरमध्ये, जिथे रिसेप्शनवरचा मुलगा तुमचं नाव, फोटो आणि संपायची तारीख बघतो. वसुलीचं वेळापत्रक असतं जिमच्या पेमेंट गेटवेकडे. मी अशा प्रकारच्या सिस्टिमवर काम केलंय, म्हणून सांगतो: बऱ्याच ठिकाणी या दोघांमध्ये आपोआप बोलणं होत नाही. रिसेप्शनवर कुणीतरी तुमच्या नावापुढे "रद्द" असं करतो आणि तुम्हाला मेल जातो. पण गेटवेच्या डॅशबोर्डवर जाऊन ते वेळापत्रक बंद करणं हे वेगळं काम आहे, बहुतेक वेळा वेगळ्या माणसाचं. तो माणूस विसरला की गेटवे दर महिन्याच्या 5 तारखेला इमानेइतबारे पैसे मागत राहतो.

भावाच्या ॲपमध्ये मॅन्डेट उघडून पाहिला तेव्हा त्याची शेवटची तारीख 2034 होती. मेंबरशिप होती एका वर्षाची. म्हणजे यानं रद्द केलं नसतं आणि वर्ष संपून गेलं असतं, तरी मॅन्डेट पुढे चालूच राहिला असता. नोंदणीच्या वेळी ही तारीख स्क्रीनवर दिसते, पण तेव्हा आपलं लक्ष ट्रेडमिलकडे असतं.

यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा असा की मॅन्डेट ही फक्त परवानगी आहे. बँक स्वतःहून जिमला पैसे पाठवत नाही. दर महिन्याला मागणी जिमच्या बाजूनं येते, तेव्हाच खात्यातून रक्कम जाते. म्हणून "ऑटो डेबिट तुमच्या बँकेकडून झालं, आमचा काय संबंध" हे उत्तर तांत्रिकदृष्ट्याच चूक आहे. तिन्ही वेळा मागणी जिमकडून आली होती.

आधी पुरावा, मग बटण

हे लक्षात आल्यावर हात लगेच मॅन्डेट बंद करायच्या बटणाकडे जातो. बंद करायचाच आहे, पण दोन मिनिटं थांबा.

आधी मॅन्डेटच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यावर कंपनीचं नाव, रक्कम, सुरू आणि संपायची तारीख, आणि मॅन्डेटचा स्वतःचा क्रमांक असतो. यूपीआयमध्ये हा क्रमांक लांबलचक असतो आणि शेवटी यूपीआय आयडीसारखं @ लावून हँडल असतं. मग तिन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट घ्या, संदर्भ क्रमांकासकट. बँकेच्या ॲपमधून मार्च ते जूनचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. रद्द केल्याच्या मेलचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ मेल इनबॉक्समध्ये राहू द्या, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वेळ त्यात पूर्ण असते. जिमनं व्हॉट्सॲपवर कळवलं असेल तर ते चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

मग मॅन्डेट बंद करा. ज्या ॲपमधून तो मंजूर केला होता त्याच ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत तो दिसतो, पिन टाकून रद्द होतो. आमचं हे काम त्याच रात्री झालं. पुढे चौथा हप्ता कटला नाही.

जिमनं ऑटोपेऐवजी बँकेचा नॅच फॉर्म भरून घेतला असेल, तर रद्द करायला बँकेकडे जावं लागतं, नेट बँकिंगवर किंवा शाखेत. क्रेडिट कार्डावर चालू असेल तर कार्डाच्या बँकेकडे. कार्डाच्या बाबतीत एक जास्तीची सोय आहे: कटलेल्या रकमेवर बँकेकडे डिस्प्यूट टाकता येतो. त्याला मुदत असते, म्हणून तो लगेच टाकायचा.

आता एक धोक्याची जागा. काही जिम वर्षाची फी "नो कॉस्ट ईएमआय"वर देतात. त्यात प्रत्यक्षात एक फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढून जिमला पूर्ण पैसे आधीच देते, आणि दर महिन्याला कटतो तो कर्जाचा हप्ता. ओळखायचं कसं? मॅन्डेटवर जिमच्या जागी फायनान्स कंपनीचं नाव असतं, आणि नोंदणीच्या वेळी पॅन, आधार आणि कर्जाचा करार मागितलेला असतो. असं असेल तर मॅन्डेट परस्पर बंद करू नका. हप्ता थकला की क्रेडिट स्कोअर तुमचा बिघडतो, जिमचा नाही. तिथे पत्र दोघांना जातं: जिमनं उरलेले पैसे फायनान्स कंपनीला परत करून कर्ज बंद करावं, अशी मागणी करायची. भावाच्या बाबतीत असं काही नव्हतं, साधा महिन्याचा ऑटोपे होता.

तो मेल नेमकं काय म्हणतो

पत्र लिहायला बसण्याआधी मी त्याला मेल मोठ्यानं वाचायला लावला. कारण "कॅन्सलेशनचा मेल आला" असं म्हणणाऱ्या अनेकांच्या हातात खरं तर कॅन्सलेशनचा मेल नसतो. "तुमची विनंती मिळाली, आमची टीम संपर्क करेल" ही फक्त पोच आहे. ती विनंती पोचल्याचा पुरावा आहे, मान्य झाल्याचा नाही. तुमच्याकडे तेवढंच असेल तर पत्राची भाषा बदलते: आधी "माझी विनंती अमुक तारखेला आपल्याला मिळाली आहे" इथून सुरुवात करावी लागते, आणि करारातली रद्द करायची अट दाखवावी लागते.

भावाचा मेल पक्का होता. यानं 3 मार्चला विनंती केली होती. 6 मार्चला जिमनं उत्तर दिलं होतं की तुमची मेंबरशिप 31 मार्च 2025 रोजी बंद होईल आणि त्यानंतर कोणतीही रक्कम आकारली जाणार नाही. त्यात बंद होण्याची तारीख होती, पैसे न घेण्याचं वचन होतं, आणि पाठवणारा पत्ता जिमचा अधिकृत होता. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

भाऊ म्हणाला, "मंग 5 मार्चचेबी मागू ना दादा. मी तं 3 तारखेलेच सांगतलं होतं."

मी नाही म्हटलं. मेंबरशिप 31 मार्चपर्यंत चालू होती, करारात महिनाभराची नोटीस होती, आणि 5 मार्चचे पैसे त्या महिन्याचे होते. ते मागितले असते तर जिमला वाद घालायला एक जागा मिळाली असती, आणि उरलेल्या तीन हप्त्यांचं स्वच्छ प्रकरण त्या एका हप्त्याच्या वादात अडकलं असतं. जे निर्विवाद आहे तेवढंच मागायचं, आणि 5 मार्चचे मागत नाही हे पत्रात स्वतःहून लिहायचं. वाचणाऱ्याला कळतं की समोरच्यानं हिशोब करून लिहिलंय.

पत्र कुणाच्या नावे

इथे बरीच पत्रं वाया जातात. बोर्डावरचं नाव हा ब्रँड असतो. पैसे घेणारी कंपनी वेगळी असू शकते, विशेषतः शाखा फ्रँचायझीची असेल तर. खरं नाव मिळतं पावतीवर, जीएसटी क्रमांकाच्या शेजारी. ते नाव स्टेटमेंटवरच्या नावाशी जुळवून बघा. आमचं जुळलं. मग पत्र त्या कंपनीच्या नावे लिहिलं आणि एक प्रत ब्रँडच्या मुख्य कार्यालयाला पाठवली, म्हणजे "ते फ्रँचायझीवाल्यांना विचारा" असं नंतर कुणी म्हणू नये.

पत्राचा मजकूर

रविवारी बसून लिहिलं, सोमवारी पाठवलं. भाषा मुद्दाम साधी ठेवली. "मला प्रचंड मनस्ताप झाला" हे वाक्य भावानं घातलं होतं, ते मी काढलं. राग खरा होता, पण त्या वाक्यावर जिमला काहीच करता येत नाही. तारीख आणि रकमेवर करता येतं.

> दिनांक: 16 जून 2025
>
> प्रति,
> व्यवस्थापक,
> ……… (पावतीवरील कंपनीचे पूर्ण नाव व पत्ता)
>
> प्रत: ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय
>
> विषय: सदस्यत्व क्रमांक ……… रद्द झाल्यानंतर कापलेले 4,497 रुपये परत मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> 1. मी 3 मार्च 2025 रोजी ईमेलने माझे सदस्यत्व रद्द करण्याची विनंती केली होती. आपण 6 मार्च 2025 रोजी ईमेलने कळवले की माझे सदस्यत्व 31 मार्च 2025 रोजी बंद होईल व त्यानंतर कोणतीही रक्कम आकारली जाणार नाही. तो ईमेल सोबत जोडला आहे (जोडपत्र 1).
>
> 2. असे असूनही आपण माझ्या बँक खात्यातून पुढील रकमा घेतल्या आहेत:
> 5 एप्रिल 2025: 1,499 रुपये (संदर्भ क्र. ………)
> 5 मे 2025: 1,499 रुपये (संदर्भ क्र. ………)
> 5 जून 2025: 1,499 रुपये (संदर्भ क्र. ………)
> एकूण: 4,497 रुपये. स्टेटमेंट व मॅन्डेटची प्रत सोबत आहे (जोडपत्र 2 व 3).
>
> 3. 5 मार्च 2025 रोजी घेतलेली रक्कम नोटीस काळातील असल्याने तिच्याबद्दल माझी मागणी नाही. 31 मार्च 2025 नंतर मी आपली कोणतीही सेवा घेतलेली नाही. आपल्याकडील हजेरीच्या नोंदीवरून याची खात्री करता येईल.
>
> 4. वरील तीन रकमा सदस्यत्व संपल्यानंतर, कोणताही करार नसताना घेतल्या गेल्या आहेत. चुकून मिळालेली रक्कम परत करणे भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 72 नुसार बंधनकारक आहे.
>
> 5. माझी मागणी अशी:
> (अ) 4,497 रुपये ज्या खात्यातून घेतले त्याच खात्यात परत जमा करावेत.
> (ब) आपल्या पेमेंट गेटवेवरील माझ्या नावाची वसुली कायमची बंद केल्याचे लेखी कळवावे.
> (क) माझ्याकडे कोणतीही बाकी नसल्याचे लेखी कळवावे.
>
> 6. वरील मागणी 1 जुलै 2025 पर्यंत पूर्ण न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन व त्यानंतर अमरावती जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.
>
> आपला,
> (नाव, दर्यापूरचा पत्ता, मोबाईल क्रमांक, सही)

या पत्रात कायद्याचं एकच कलम आहे, तेही मुद्दाम. 1872 च्या त्या कायद्यातलं कलम 72 अगदी छोटं आहे: चुकीनं किंवा दडपणाखाली पैसे दिले गेले असतील तर घेणाऱ्यानं ते परत केले पाहिजेत. इथे ते सरळ लागू होतं. दहा कलमं भरली तर वाचणारा समजतो की इंटरनेटवरून उतरवलंय.

मागणी (ब) लोक विसरतात. तुम्ही ॲपमधून मॅन्डेट बंद केला तरी जिमच्या बाजूला तुमचं नाव "बाकी" म्हणून चालू राहू शकतं, आणि दोन महिन्यांनी वसुलीचे फोन सुरू होतात. म्हणून (ब) आणि (क) दोन्ही हवेत. सहाव्या मुद्द्यात "पंधरा दिवसांत" न लिहिता ठरावीक तारीख लिहिली. कायद्यात पंधरा दिवस असं काही ठरलेलं नाही, तो रिवाज आहे. पण तारीख लिहिली की पंधरा दिवस कधीपासून मोजायचे हा वाद राहत नाही.

पत्र दोन मार्गांनी गेलं. ज्या मेलवर 6 मार्चचं उत्तर आलं होतं त्याच मेलला रिप्लाय म्हणून, म्हणजे जुनं उत्तर खाली आपोआप जोडलेलं राहतं. आणि कागदावर सही करून दर्यापूरच्या पोस्टातून स्पीड पोस्टनं. पावती जपून ठेवली आणि पोचल्यावर ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला.

त्यांची उत्तरं आणि आमची

24 जूनला जिमचा मेल आला. ऑटोपे ग्राहकानं स्वतः बंद करायचा असतो, शिवाय प्रत्येक वेळी कटण्याआधी सूचना गेली होती. तरीही सद्भावना म्हणून आम्ही तीन महिन्यांची मोफत मेंबरशिप देतो.

सूचनेची गोष्ट खरी होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटो डेबिटच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि भावाच्या फोनवर तिन्ही वेळा मेसेज आले होते. त्यानं जाहिरातींच्या मेसेजना कंटाळून सगळंच म्यूट केलं होतं. ही चूक त्याची होतीच, आणि ती आम्ही लपवली नाही. पण मेसेज न वाचणं म्हणजे रद्द केलेला करार पुन्हा सुरू करणं नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्ही चार ओळींचं उत्तर दिलं: पैसे मागणारी विनंती दर वेळी आपल्या बाजूनं आली, पुढे रक्कम आकारली जाणार नाही असं आपणच लिहून दिलं होतं, मी आता दर्यापूरला राहतो, पुण्यातली मोफत मेंबरशिप मला उपयोगाची नाही, माझी मागणी पैसे परत करण्याची आहे आणि तारीख 1 जुलैच आहे.

27 जूनला खात्यात 1,499 रुपये आले. सोबत मेल: हा या प्रकरणाचा पूर्ण आणि अंतिम निपटारा समजावा.

भाऊ खूश झाला. "आले ना दादा थोडे तं." मी म्हटलं, पैसे राहू दे, पण गप्प राहू नको. "पूर्ण आणि अंतिम" या शब्दांवर काही न बोलता पैसे ठेवले तर पुढे ते म्हणू शकतात की तू मान्य केलंस. त्याच संध्याकाळी उत्तर गेलं: 1,499 रुपये मिळाले, ते मी मागणीचा एक भाग म्हणून स्वीकारतो; निपटारा मला मान्य नाही; 2,998 रुपये बाकी आहेत.

1 जुलै गेला. 2 जुलैला आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नंबर आहे 1915, किंवा consumerhelpline.gov.in वरून. ही हेल्पलाइन कोर्ट नाही, ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण पत्र तयार असल्यामुळे तक्रार भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत: मजकूर तोच, जोडपत्रं तीच, फक्त रक्कम 2,998.

11 जुलैला उरलेले पैसे आले. सोबत कोणताही खुलासा नव्हता. (ब) आणि (क) चं उत्तर आणखी एक मेल टाकल्यावर आलं.

पैसे आले नसते तर

इथे "पुन्याले कोन जाते" याचं खरं उत्तर आहे. ग्राहक संरक्षणाच्या 1986 च्या जुन्या कायद्यात साधारणपणे कंपनी जिथली किंवा प्रकार जिथे घडला तिथेच तक्रार करावी लागायची. म्हणजे भावाला पुणं गाठावं लागलं असतं, आणि 4,497 रुपयांसाठी तेवढ्या चकरा कोण मारणार? जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या नव्या कायद्यानं, कलम 34 मध्ये, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करायची मुभा दिली. भाऊ दर्यापूरला राहतो, म्हणून अमरावतीचा जिल्हा आयोग चालतो. म्हणूनच पत्राच्या शेवटी दर्यापूरचा पत्ता आणि सहाव्या मुद्द्यात अमरावतीचं नाव ठळक आहे. जिमच्या माणसाला त्यातून कळतं की या वेळी वकील घेऊन त्यालाच प्रवास करावा लागेल.

तक्रार e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन दाखल करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पैसे कटले त्या तारखेपासून धरून चाला. पण निकालाला वेळ लागतो हेही खरं, म्हणून प्रकरण पत्रावरच मिटलं तर सगळ्यात चांगलं.

जाता जाता एक तुलना. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं एलए फिटनेस चालवणाऱ्या कंपनीवर खटला भरला. आरोप असा की मेंबरशिप रद्द करणंच मुद्दाम अवघड करून ठेवलं होतं: फॉर्म प्रिंट काढा, तो ठरावीक माणसाच्या हातात द्या किंवा पोस्टानं पाठवा. तिथे भांडण रद्द करू देण्याचं आहे. तुमच्या हातात रद्द झाल्याचं लेखी उत्तर असेल तर तो अवघड भाग तुम्ही आधीच पार केलाय. उरतो तो तारखांचा हिशोब.

म्हणून आज एक काम करा. यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी उघडा आणि ओळखीचं नाव नसलेला मॅन्डेट आहे का बघा. भावानं उघडली तेव्हा त्याला आणखी एक सापडला, वर्षभरापूर्वी डिलीट केलेल्या गाण्याच्या ॲपचा, महिन्याला 59 रुपये. त्याच्यासाठी पत्र नाही लिहिलं, फक्त बंद केला.

बियाणं त्या दिवशी उधारीवर मिळालं. दुकानदार ओळखीचा होता. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.